३१ मार्चला ट्रकमध्ये असलेला माल कोणाचा? बिल बघू नका, शर्त बघा



वर्षअखेर आली की आपण दुकानातला माल मोजतो, गोडाऊनमधला मोजतो आणि यादी सीएकडे पाठवून मोकळे होतो. पण त्या रात्री काही माल दुकानातही नसतो आणि पुरवठादाराच्या गोडाऊनमध्येही नसतो. तो हायवेवर कुठल्यातरी ट्रकमध्ये असतो, नाहीतर ट्रान्सपोर्टच्या हबमध्ये पडून असतो. या वाटेतल्या मालाचं काय करायचं, हा प्रश्न बहुतेक छोटे व्यावसायिक अंदाजानेच सोडवतात. कोणी म्हणतं, "बिल माझ्या नावावर फाटलं, म्हणजे माल माझा." कोणी म्हणतं, "हातात आला की माझा." आणि अनेक जण सीएने विचारलं तरच उत्तर देतात, तेही मे महिन्यात, जेव्हा कुठला गठ्ठा कधी आला हे कोणालाच आठवत नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. वाटेतला माल कोणाचा, हे बिलाची तारीख ठरवत नाही, भाडं कोणी भरलं यावरूनही ते ठरत नाही. ऑर्डर देताना माल कुठे पोच करायचं ठरलं होतं, ती शर्त हे ठरवते. आणि ती शर्त लिहून घेतली नसेल, तर कायदा बहुतेक वेळा खरेदीदाराच्या, म्हणजे आपल्याच पदरात माल टाकतो. मालासोबत त्याची जोखीमही टाकतो. म्हणून हा विषय फक्त हिशोबनीसाचा नाही, ऑर्डर देणाऱ्या मालकाचा आहे.

दोन शर्ती, दोन वेगळे मालक

आपल्या बाजारात साधारण दोन प्रकारे माल घेतला जातो. पहिला 'एक्स-गोडाऊन' किंवा 'एक्स-वर्क्स'. म्हणजे पुरवठादाराने माल त्याच्या दारात, आपल्या किंवा आपण सांगितलेल्या ट्रान्सपोर्टच्या ताब्यात दिला की त्याचं काम संपलं. तिथून पुढे माल आपला. दुसरा 'एफओआर डेस्टिनेशन', म्हणजे आपल्या गावात पोच. माल आपल्या दुकानाशी किंवा ठरलेल्या ठिकाणी उतरेपर्यंत तो पुरवठादाराचा.

आता मुद्द्याची गोष्ट. दोघांमध्ये काहीच ठरलं नसेल तर काय? १९३० चा सेल ऑफ गुड्स ॲक्ट, म्हणजे माल विक्रीचा कायदा, याचं उत्तर देतो. ऑर्डरप्रमाणे माल काढून, बांधून पुरवठादाराने तो ट्रान्सपोर्टकडे दिला आणि मालावरचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला नाही, तर मालकी खरेदीदाराकडे गेली असं धरलं जातं. हे कलम २३ मध्ये आहे. कलम ३९ सांगतं की ट्रान्सपोर्टला दिलेला माल हा सर्वसाधारणपणे खरेदीदारालाच दिल्यासारखा असतो. आणि कलम २६ सांगतं की वेगळं ठरलं नसेल तर मालकी जिथे जाते तिथे जोखीमही जाते. तीन कलमांचा सरळ अर्थ एकच, तुम्ही गप्प बसलात तर ट्रकमधला माल तुमचा.

'हक्क राखून ठेवला नाही' हे शब्द मात्र लक्षात ठेवा. काही पुरवठादार नव्या गिऱ्हाइकाला माल पाठवताना बिल्टी 'सेल्फ' नावाने करतात आणि कागद बँकेतून पाठवतात. पैसे भरल्याशिवाय बिल्टी हातात येत नाही आणि बिल्टीशिवाय ट्रान्सपोर्टवाला माल सोडत नाही. इथे पुरवठादाराने हक्क स्वतःकडे ठेवलेला आहे, म्हणून बिल तुमच्या नावाचं असलं तरी मालकी अजून त्याचीच. कलम २५ याच प्रकाराबद्दल बोलतं. जांगडचा मालही तसाच. जांगडवर आलेला माल तुमच्या दुकानात, तुमच्या कपाटात असला तरी तुम्ही पसंत करून ठेवून घेत नाही, किंवा परत करायची मुदत उलटून जात नाही, तोपर्यंत तो देणाऱ्याचाच. तुमच्या ३१ मार्चच्या यादीत तो येता कामा नये.

सांगलीच्या साड्यांचा हिशोब

आता आकड्यांत बघू. आकडे सोपे ठेवले आहेत, पण प्रकार अगदी रोजचा आहे.

सांगलीत एका ताईंचं साड्यांचं दुकान आहे असं समजा. लग्नसराईसाठी त्यांनी सुरतच्या होलसेलरकडून ₹२,००,००० च्या साड्या मागवल्या. त्यावर ५ टक्के आयजीएसटी, ₹१०,०००. बिल २८ मार्चचं, बिल्टी २९ मार्चची, माल सांगलीत उतरला २ एप्रिलला. ताईंनी ३१ मार्चच्या रात्री दुकानातला माल मोजला, तो खरेदी भावाने ₹९,००,००० चा भरला.

वर्षाच्या सुरुवातीचा माल ₹८,००,०००. या सुरतच्या गठ्ठ्याशिवायची वर्षाची खरेदी ₹३०,००,०००. वर्षाची विक्री ₹४२,००,०००. गठ्ठा बाजूला ठेवला तर विकलेल्या मालाची किंमत झाली ८ अधिक ३० वजा ९, म्हणजे २९ लाख. ढोबळ नफा १३ लाख. हा आकडा लक्षात ठेवा.

पहिली शक्यता, व्यवहार एक्स-गोडाऊन होता. मग ३१ मार्चला साड्या ताईंच्या. खरेदी ३२ लाख लिहायची आणि शिल्लक माल ११ लाख. विकलेल्या मालाची किंमत ८ अधिक ३२ वजा ११, पुन्हा २९ लाखच. नफा १३ लाख. फरक ताळेबंदात पडतो. मालाच्या बाजूला २ लाख वाढतात आणि होलसेलरच्या देण्यात २ लाख १० हजार वाढतात. या गठ्ठ्याचं भाडंही ताईंनीच द्यायचं असेल तर ते मालाच्या किमतीत धरायचं, वेगळा खर्च म्हणून टाकायचं नाही. ताई कंपोझिशन स्कीममध्ये असत्या तर त्यांना जीएसटीचं क्रेडिट मिळालं नसतं, म्हणून तो ₹१०,००० सुद्धा मालाच्याच किमतीत गेला असता.

दुसरी शक्यता, व्यवहार एफओआर सांगली होता. मग ३१ मार्चला साड्या होलसेलरच्या. ताईंच्या पुस्तकात ना खरेदी, ना शिल्लक माल. नफा १३ लाखच.

म्हणजे शर्त कुठलीही असो, खरेदीदाराचा नफा बदलत नाही. मग एवढी चर्चा कशाला? कारण प्रत्यक्षात पुस्तकं अशी लिहिली जात नाहीत. प्रत्यक्षात एक बाजू लिहिली जाते आणि दुसरी राहते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी. अकाउंटंटकडे बिलाचा फोटो २८ मार्चलाच आला, जीएसटी पोर्टलवर मार्चच्या टू-बी मध्येही ते बिल दिसलं, त्याने मार्चमध्ये खरेदी टाकली. माल मोजणाऱ्या पोराने मात्र दुकानातलाच माल मोजला, कारण ट्रकमधला तो मोजणार कसा? आता खरेदी ३२ लाख, शिल्लक ९ लाख, विकलेल्या मालाची किंमत ३१ लाख. नफा ११ लाख. एकही साडी तोट्यात न विकता दोन लाख नफा गायब!

दुसरी चूक याच्या उलटी. ३१ मार्चला दुकानात गर्दी होती, म्हणून मोजणी ३ एप्रिलला केली. तोपर्यंत सुरतचा गठ्ठा फुटून साड्या मांडणीवर लागल्या होत्या, त्याही मोजल्या गेल्या. बिल मात्र माल आला त्या तारखेला, एप्रिलमध्ये टाकलं. खरेदी ३० लाख, शिल्लक ११ लाख, विकलेल्या मालाची किंमत २७ लाख. नफा १५ लाख. कमवलेले नसलेले दोन लाख, आणि त्यावर इन्कम टॅक्स यंदाच भरायचा.

म्हणून खरेदीदाराने घोकून ठेवायचा नियम एकच: दोन्हीकडे धरा, नाहीतर दोन्हीकडे सोडा. आणि धरायचं की सोडायचं, हे शर्तीला विचारा.

"पुढच्या वर्षी आपोआप जुळतं की"

हे वाक्य मी फार ऐकतो. खरं आहे, जुळतं. यंदा २ लाख नफा कमी दिसला तर पुढच्या वर्षी तेवढाच जास्त दिसेल. पण मला हा युक्तिवाद पटत नाही, आणि त्याची कारणं व्यवहारातलीच आहेत.

कर्जाची फाइल पुढच्या वर्षी जुळणाऱ्या आकड्यांवर जात नाही, यंदाच्या आकड्यांवर जाते. १३ लाखांच्या जागी ११ लाख ढोबळ नफा दाखवणारं दुकान बँकेला कमजोर वाटतं. आणि १५ लाख दाखवलेत, तर पुढच्या वर्षी नफा का घसरला याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, धंदा तर तसाच चाललेला असतो.

"मग दोन्हीकडे सोडून देऊ, नफा तर बरोबर येतो," असंही काही जण म्हणतात. माल एफओआर असेल तर ते अगदी बरोबर. पण एक्स-गोडाऊन असेल तर तुम्ही २ लाख १० हजारांचं देणं ताळेबंदातून लपवलं. मुद्दाम नसेल, पण लपलं. होलसेलर वर्षअखेरीला खातेउतारा पाठवतो त्यात ही रक्कम येणं दिसते, तुमच्या पुस्तकात दिसत नाही. बँकेला कॅश क्रेडिटसाठी स्टॉक आणि देणी दाखवताना हाच फरक वर येतो.

विकणाऱ्याचा नफा मात्र खरंच हलतो

आतापर्यंत आपण खरेदीदाराच्या खुर्चीत होतो. आता सुरतच्या होलसेलरच्या खुर्चीत बसा, कारण तुमच्यापैकी जे तयार करून किंवा पॅक करून विकतात त्यांची खुर्ची तीच आहे.

समजा या साड्या त्याला ₹१,६०,००० ला पडल्या होत्या. एक्स-गोडाऊन असेल तर २९ मार्चला ट्रान्सपोर्टकडे माल दिला तेव्हाच विक्री झाली. ₹४०,००० नफा यंदाचा. एफओआर सांगली असेल तर ३१ मार्चला माल त्याचाच आहे, विक्री अजून झालेलीच नाही. विक्रीतून ₹२,००,००० काढायचे आणि त्याच्या शिल्लक मालात ₹१,६०,००० धरायचे. लक्षात घ्या, २ लाख नाही, १ लाख ६० हजार. आपला माल आपण आपल्याला पडलेल्या किमतीने धरतो, विक्रीभावाने नाही. ₹४०,००० नफा पुढच्या वर्षात जातो.

इथे एक गोंधळ होतो. जीएसटीत बिल माल निघतानाच करावं लागतं, म्हणून ती विक्री मार्चच्या जीएसटी रिटर्नमध्येच दिसणार. हिशोबाच्या पुस्तकात मात्र ती एप्रिलची. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरून पुस्तक बदलू नका. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. एका कागदावर फरक लिहून ठेवा: बिल नंबर, रक्कम, माल पोचल्याची तारीख. सीएला तो कागद दिलात की काम झालं.

ऑनलाइन ऑर्डर घेऊन कुरिअरने माल पाठवणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा. ३१ मार्चच्या संध्याकाळी तुमची ३० कॅश ऑन डिलिव्हरी पार्सलं वाटेत आहेत असं धरा. जीएसटी सोडून विक्रीभाव प्रत्येकी ₹१,१००, तुम्हाला पडलेली किंमत ₹७००. मोबाइलवर ₹३३,००० ची विक्री दिसते. पण गिऱ्हाइकाने अजून दार उघडलेलं नाही, पैसे दिलेले नाहीत आणि यातली काही पार्सलं परत येणार हे तुम्हालाही माहीत आहे. माझ्या मते ही विक्री धरू नये. हा तुमचा ₹२१,००० चा माल आहे, फक्त तो कुरिअरवाल्याच्या बॅगेत आहे. माल दुकानात नाही म्हणून तो यादीतून सुटतो आणि विक्रीही चुकून धरली जाते. दोन्ही चुका एकदम झाल्या की नफा फुगलेला दिसतो आणि एप्रिलमध्ये परत आलेली पार्सलं तो खाली आणतात.

खरी परीक्षा माल बुडाला तर

हिशोबातली चूक पुढच्या वर्षी जुळते, जळालेला माल जुळत नाही. साड्यांचा तोच ट्रक ३० मार्चला घाटात पेटला तर? एफओआर सांगली असेल तर नुकसान होलसेलरचं, त्याने दुसरा माल पाठवायचा किंवा व्यवहार सोडायचा. एक्स-गोडाऊन असेल, किंवा काहीच ठरलं नसेल, तर माल ताईंचा जळाला आणि होलसेलरचे ₹२,१०,००० तरीही द्यायचे आहेत.

"ट्रान्सपोर्टवाला भरून देईल" या भरवशावर राहू नका. २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आणि त्याखालचे २०११ चे नियम ट्रान्सपोर्टची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटीपर्यंतच ठेवतात. जास्त जोखमीचा दर आधी ठरवून दिला असेल तरच जास्त. या गठ्ठ्याचं भाडं ₹४,००० असेल तर दहा पट म्हणजे ₹४०,०००. माल २ लाखांचा. शिवाय दावा करायचा असेल तर माल बुक झाल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते.

बिल्टीवर 'ॲट ओनर्स रिस्क' असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल, म्हणजे मालकाच्या जोखमीवर. आता तो मालक कोण, हे शर्त सांगते. दुकानाची आगीची पॉलिसी रस्त्यावरचा माल धरत नाही. त्यासाठी ट्रान्झिट विमा वेगळा घ्यावा लागतो, ज्याला विमा कंपन्या रस्त्याने जाणाऱ्या मालालाही 'मरीन' म्हणतात. एक्स-गोडाऊनवर मोठी खरेदी करणार असाल तर हा विमा तुम्ही घ्यायचा आहे, पुरवठादाराने नाही.

कोणत्या कागदावर विश्वास ठेवायचा

शर्त शोधायची कुठे? आधी ऑर्डर बघा. परचेस ऑर्डर असेल तर उत्तम, नाहीतर व्हॉट्सॲपवरचं बोलणं. "माल सांगली पोच, रेट ठरला तोच" असा पुरवठादाराचा मेसेज असेल तर तोही उपयोगाचा आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मग बिलाचा तळ बघा. अनेक बिलांवर बारीक अक्षरात एक ओळ असते, माल गोडाऊनमधून बाहेर पडला की आमची जबाबदारी संपली, अशा अर्थाची. ऑर्डरमध्ये पोच ठरलेली असेल तर नंतर आलेल्या बिलावरची छापील ओळ ते ठरलेलं एकतर्फी बदलू शकत नाही. पण ऑर्डरमध्ये काहीच नसेल तर ही ओळ तुमच्या विरोधातच वापरली जाणार.

शेवटी बिल्टी. त्यावर भाडं 'पेड' आहे की 'टू-पे', हे बघा, पण त्याला फक्त खूण समजा. टू-पे म्हणजे भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं, त्यामुळे व्यवहार बहुधा एक्स-गोडाऊन असतो. पण पुरवठादार कधीकधी सवलत म्हणून भाडं भरतो आणि मालकी तरीही त्याच्या दारातच बदललेली असते. ई-वे बिल कोणी काढलं यावरूनही मालक ठरत नाही.

बाहेरून माल मागवणाऱ्यांसाठी एवढंच. एफओबी आणि सीआयएफ हे इन्कोटर्म्स खर्च आणि जोखीम कुठे बदलते हे सांगतात. मालकी कधी बदलते हे इन्कोटर्म्स ठरवत नाहीत, ते करारात वेगळं लिहावं लागतं. लिहिलं नसेल तर हिशोबात जोखीम जिथे गेली तिथे माल धरतात. इथे सीआयएफ फसवतं. भाडं आणि विमा विकणारा भरतो, म्हणून माल न्हावा शेवाला उतरेपर्यंत त्याचाच असं अनेकांना वाटतं. पण जोखीम पलीकडच्या बंदरात माल जहाजावर चढला तेव्हाच तुमच्याकडे आलेली असते. म्हणून बिल ऑफ लेडिंगवरची जहाजावर चढल्याची तारीख ३१ मार्चच्या आतली असेल तर तो कंटेनर बहुधा तुमच्या शिल्लक मालात येतो.

जीएसटी क्रेडिटचं वेळापत्रक वेगळं आहे

मालकी आली म्हणजे क्रेडिट आलं, असं नेहमी होत नाही. क्रेडिटसाठी माल 'मिळालेला' असावा लागतो. पोच शर्तीवर साड्या २ एप्रिलला आल्या तर ₹१०,००० चं क्रेडिट एप्रिलचं, बिल मार्चच्या टू-बी मध्ये दिसत असलं तरीही. एक्स-वर्क्स व्यवहारांबद्दल ३१ डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिपत्रकाने खुलासा केला आहे की करारानुसार मालकी पुरवठादाराच्या दारातच बदलत असेल, तर तिथे ट्रान्सपोर्टला दिलेला माल खरेदीदाराला मिळाला असं धरता येतं. परिपत्रक २४१ क्रमांकाचं आहे, सीएला दाखवा. पण त्याचा फायदा घ्यायचा असेल तर तसा करार कागदावर हवा. इथेही गाडी शर्तीवरच येऊन थांबते.

या मार्चला काय कराल

माझ्या दुकानात मी यासाठी एकच पान ठेवतो. २० मार्च ते १० एप्रिल या काळातल्या प्रत्येक खरेदीची एक ओळ: बिलाची तारीख, बिल्टीची तारीख, माल आल्याची तारीख, शर्त आणि रक्कम. ज्या ओळीत बिल्टी मार्चची आणि माल एप्रिलचा, तिच्याभोवती गोल करायचा. निर्णय फक्त गोल केलेल्या ओळींचा घ्यायचा असतो, आणि छोट्या दुकानात त्या क्वचितच पाच-सहाच्या वर जातात.

गोल केलेली ओळ एक्स-गोडाऊन असेल तर टॅलीमध्ये 'वाटेतला माल' नावाचं वेगळं गोडाऊन करा आणि मार्चमधली खरेदी त्यात घ्या. माल आला की स्टॉक जर्नलने तो 'दुकान' गोडाऊनला वळवा. टॅलीत स्टॉक ठेवत नसाल तर सीएला देताना मोजलेल्या यादीखाली 'वाटेतला माल' म्हणून ही रक्कम वेगळी लिहा. ओळ पोच शर्तीची असेल तर खरेदीची एन्ट्री माल आल्याच्या तारखेला करा आणि पुरवठादाराच्या बिलाच्या तारखेच्या रकान्यात २८ मार्चच ठेवा, म्हणजे टू-बी शी जुळवताना बिल सापडेल. मोजणी ३१ मार्चनंतर करणार असाल तर एप्रिलमध्ये आलेले गठ्ठे मोजणी होईपर्यंत फोडू नका, बाजूला ठेवा.

आणि हे सगळं सोपं करणारी एक सवय. ऑर्डर देताना शेवटी एक वाक्य लिहा: "माल सांगली दुकान पोच, पोच होईपर्यंत मालकी व जोखीम पुरवठादाराची." सांगलीच्या जागी तुमचं गाव. पुरवठादार कबूल झाला तर उत्तम. नाही म्हणाला, किंवा पोचसाठी दोन-तीन टक्के जास्त मागितले, तर निदान तुम्हाला समजलं की वाटेतली जोखीम तुमची आहे आणि तिची किंमत काय आहे. मग विमा स्वस्त पडतो की पोच भाव, याचा हिशोब मांडा आणि ठरवा. पण ऑर्डर शर्तीशिवाय पाठवू नका. कारण तुम्ही लिहिलं नाहीत तर तुमच्या वतीने कायदा आणि बिलाच्या तळातली ती बारीक ओळ लिहिणार आहेत, आणि ते दोघंही तुमच्या बाजूने लिहीत नाहीत.